कॉलनीतल्या कुत्र्यांना खायला घालताना: जागा, वेळ आणि शेजारी

आमची कॉलनी सांगलीत, विश्रामबागेच्या पुढं कुपवाडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. 44 घरं, एक गेट, मधे छोटी बाग आणि सगळ्यात मागं पाण्याची टाकी. मी सहा वर्षं इथल्या कुत्र्यांना रात्रीचं खायला घालते. त्यातली पहिली दोन वर्षं मी गेटच्या उजव्या खांबाजवळ घालत होते. कुत्री तिथंच बसलेली असायची, जागा रिकामी होती, मला सोयीचं होतं. त्या दोन वर्षांत पेपरवाल्या पोराच्या मागं कुत्री लागली, समोरच्या काकींच्या नातवानं सायकल काढायची बंद केली, आणि एका मीटिंगमध्ये माझ्यावर जवळजवळ अर्धी कॉलनी तुटून पडली. मी तेव्हा कुत्र्यांची बाजू घेऊन भांडले. चूक कुत्र्यांची नव्हती हे खरंच होतं, पण शेजाऱ्यांचीही नव्हती. खाणं मी चुकीच्या जागी ठेवत होते.

कुत्रं जिथं रोज खातं ती जागा ते राखायला लागतं. खायची वेळ जवळ आली की अर्धा-पाऊण तास आधीपासून ते तिथं येऊन बसतं, आणि त्या वेळात तिथून जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्याच्या दृष्टीनं ताटावर आलेला असतो. गेटवर खाणं ठेवलं की गेट त्यांचं होतं. मग जेवणाचं पार्सल घेऊन आलेला पोरगा, पाहुणे, क्लासवरून सायकलीनं येणारी मुलं, सगळ्यांवर भुंकणं सुरू. म्हणून हा लेख मुख्यतः जागेबद्दल आहे. खाण्यात काय असावं हे तुलनेनं सोपं आहे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काही बदलायच्या आधी सात दिवस एक वही घेऊन बघत राहा. पहाटे एकदा, रात्री एकदा. प्रत्येक कुत्र्याची एक ओळ: रंग, खूण, नर की मादी, झोपतं कुठं, कानाला खाच आहे का. कानाच्या टोकाला मुद्दाम कापलेली खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे असं समजायचं. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, शस्त्रक्रियेवेळी दिलेली खाच सरळ आणि स्वच्छ असते, एकदा पाहिली की फरक कळतो.

मी मोजलं तेव्हा सात कुत्री निघाली. माझी समजूत होती की सातही कॉलनीची. वही लिहिल्यावर कळलं की आमची पाचच. काळी, तिची मोठी झालेली दोन पिल्लं भुऱ्या आणि ठिपक्या, म्हातारा लंगड्या आणि राणी. उरलेले दोन दांडगे नर रस्त्यापलीकडच्या चिकन सेंटरचे. ते फक्त माझ्या डब्याच्या वेळी यायचे आणि तेव्हाच मारामारी व्हायची. म्हणजे रोज रात्री साडेनऊला गेटसमोर जी कुत्र्यांची लढाई सगळी कॉलनी ऐकत होती, तिला माझा डबाच कारण होता. दोन टोळ्यांना एका जागी कधीही खायला घालू नका. तुम्हाला कितीही दया आली तरी पलीकडच्या कुत्र्यांना पलीकडेच, त्यांच्या हद्दीत खायला मिळालं पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात शोधा: आणखी कोण काय घालतं. आमच्याकडं एक आजोबा सकाळी फिरायला जाताना गेटवर बिस्किटं टाकायचे, दोन घरांतून रात्रीचं उरलेलं कंपाउंडबाहेर ठेवलं जायचं. ते ठाऊक नसेल तर तुमची सगळी व्यवस्था एका बिस्किटाच्या पुड्यानं मोडते.

हद्द कशी ओळखायची

नवी जागा कुत्र्यांच्या स्वतःच्या हद्दीतच असायला हवी. ती ओळखायची एक साधी रीत आहे. रिकामा डबा हातात घेऊन कुत्र्यांसमोरून चालायला लागा. ती शेपटी हलवत मागं येतील. चालत राहा. एका ठिकाणी ती थबकतात. शेपटी वर आणि ताठ होते, नाक जमिनीला लागतं, कुणी एखाद्या खांबावर पाय वर करतं, आणि तुम्ही हाक मारली तरी पुढं येत नाहीत. ती त्यांची शीव. हे तीन-चार दिशांना करून बघा, कागदावर कॉलनीचा नकाशा काढून खुणा करा. आमच्या कुत्र्यांची शीव पुढं रस्त्याच्या कडेला आणि मागं टाकीच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाला होती.

मग त्या शिवेच्या आतली अशी जागा शोधा जिथं गेट नाही, बाग नाही, जिना किंवा लिफ्टचं दार नाही, मुलं खेळत नाहीत, वयस्कर माणसं बसत नाहीत आणि कुणाच्या खिडकीखाली येत नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. रात्री दहाला पाच कुत्री जेवत असताना निघणारा आवाज खालच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये ऐकू येतो. विजेच्या डीपीजवळची जागा रिकामी दिसते म्हणून निवडू नका, पावसाळ्यात तिथं ओल आणि वीज एकत्र येतात. जमीन फरशीची किंवा कोब्याची असेल तर उत्तम, कारण धुता येते. मातीत सांडलेलं जेवण दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि त्यावर डुकरं, घुशी येतात.

आमच्याकडं टाकीमागं साधारण चार फूट रुंदीची कोब्याची पट्टी होती, गेटपासून सव्वाशे पावलं. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला टाकी. पण पट्टी दोन्ही टोकांना उघडी आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. एकच तोंड असलेल्या कोपऱ्यात दुबळं कुत्रं अडकतं, त्याला पळायला वाट राहत नाही आणि मग ते घाबरून चावतं.

शेजाऱ्यांशी बोलणं जागा हलवायच्या आधी

आधी करून टाकू, मग सांगू, असं करू नका. मी मीटिंगमध्ये विषय काढायच्या आधी चार घरी स्वतः गेले. अध्यक्षांकडं, सगळ्यात जास्त विरोध असलेल्या काकांकडं, नातवाची सायकल बंद झालेल्या काकींकडं आणि टाकीला सगळ्यात जवळ असलेल्या घरी. वॉचमन मामा आणि झाडणाऱ्या मावशींशी वेगळं बोलले, कारण सांडलेलं त्यांनाच दिसतं आणि तेच आधी वैतागतात.

विरोध करणाऱ्या काकांकडं गेले तेव्हा मी प्राणीप्रेमाबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, "काका, तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो?" ते म्हणाले, "अहो ताई, कुत्र्यांना घालू नका असं माझं म्हणणं नाही. पण मी पहाटे पाचला दुधाला निघतो, गेटवर चार कुत्री अंगावर येतात. माझा गुडघा धरतो, मी पळू शकत नाही. पडलो तर?" यावर वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "पहाटे गेटवर कुत्री राहणार नाहीत एवढं मी बघते. मला तीन आठवडे द्या. नाही जमलं तर तुम्ही सांगाल तसं."

काकींना त्याहून वेगळी अडचण होती. घाणीची. त्यांच्या दारासमोर कुत्री शी करायची. कुत्रं सहसा खायच्या आणि झोपायच्या जागेपासून थोडं लांब जाऊन शी करतं, म्हणजे गेटवर खाल्लेलं त्यांच्या दारात पडत होतं. जागा हलली की हेही हलेल असं मी त्यांना सांगितलं, आणि तोवर रोज सकाळी मी स्वतः खराटा-सुपली घेऊन उचलेन असंही सांगितलं. पहिले पंधरा दिवस ते केलं. माझ्या मते त्या पंधरा दिवसांनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच कायद्याच्या कागदानं केलं नसतं.

बोलणं झाल्यावर ठरलेलं एका कागदावर लिहा: जागा कुठली, वेळ कुठली, कोण घालणार, कोण धुणार, तक्रार कुणाला सांगायची. पाच ओळी पुरे. सोसायटीच्या वहीत त्याची नोंद करून घ्या.

तीन आठवड्यांत जागा हलवणं

आमचं असं झालं. पहिले तीन दिवस गेटपासून वीस पावलं आत, बागेच्या भिंतीच्या टोकाला. पुढचे चार दिवस पन्नास पावलांवर, पार्किंगच्या मागच्या बाजूला. दुसऱ्या आठवड्यात टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात, आणि पंधराव्या दिवशी टाकीमागच्या पट्टीवर. कुत्री डब्यामागं येतात, त्यामुळं खायला ती पहिल्याच दिवशी टाकीमागं आली असती. पण आपल्याला त्यांची वाट बघायची जागा बदलायची आहे, आणि ती सवय हळूहळूच सुटते.

ती सवय आवाजाला आणि माणसाच्या वाटेला बांधलेली असते. मी स्टीलचा डबा घेऊन जिन्यातून उतरायचे, गेटकडं जायचे, झाकण काढताना जो खणकन आवाज व्हायचा त्यावर पाचही कुत्री उठायची. म्हणून मी तीन गोष्टी बदलल्या. डबा कापडी पिशवीत घालून न्यायला लागले. गेटकडं न जाता इमारतीच्या मागच्या वाटेनं जायला लागले. आणि पातेल्यावर पळीनं तीनदा वाजवायचं, ते फक्त नव्या जागी उभं राहून. दहाव्या-अकराव्या दिवशी मी टाकीपाशी पळी वाजवली आणि काळी गेटकडून नाही, टाकीच्याच बाजूनं आली. ती आधीपासून तिथं येऊन बसली होती. त्या दिवशी मला कळलं की जमलं.

एक धोका आधी सांगून ठेवा, स्वतःला आणि शेजाऱ्यांनाही. पहिले चार-पाच दिवस गेटवरचं भुंकणं कमी न होता वाढतं. रोज जिथं मिळत होतं तिथं मिळेना म्हणून कुत्री जास्त गोंधळ करतात, येणाऱ्याच्या हातातली पिशवी हुंगतात. याच दिवसांत कुणीतरी कंटाळून गेटवर भाकरीचा तुकडा टाकतं, आणि कुत्र्याला कळतं की जास्त भुंकलं की मिळतं. मग सगळं पहिल्यापासून. बिस्किटवाल्या आजोबांना मी हात जोडून सांगितलं, "आजोबा, बिस्किटं माझ्याकडं द्या, नाहीतर माझ्याबरोबर टाकीमागं या." ते आता आठवड्यातून दोनदा येतात आणि लंगड्याला स्वतःच्या हातानं वाडग्यात वाढतात.

जुनी जागा धुवायची. नुसत्या पाण्यानं नाही, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन, सलग चार दिवस. तेलकट वास राहिला तर कुत्री चाटायला परत येतात.

वेळ

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांत संपणारं. आमची वेळ रात्री पावणेदहा, कारण तोवर मुलं घरात असतात आणि शतपावली करणारी मंडळी परतलेली असतात. पहाटेची वेळ काकांच्या दुधामुळं नको होती. तुमच्या कॉलनीत शाळेची बस, क्लास सुटायची वेळ, कामावरून परतणाऱ्या गाड्या यांचा अंदाज घेऊन ठरवा. एकदा ठरली की दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त हलवू नका. वेळ रोज बदलली की कुत्री दिवसभर वाट बघत फिरतात, आणि दिवसभर फिरणारी भुकेली कुत्री लोकांना भीती दाखवतात.

काय आणि किती

आपल्याकडचं मोठं गावठी कुत्रं साधारण 15 ते 20 किलोचं असतं. मी पाच कुत्र्यांना पाऊण किलो तांदूळ आणि साधारण पाचशे-सहाशे ग्रॅम चिकनचं मांस व काळीज-पेटा असं शिजवते. चिकन सेंटरमधून ते स्वस्तात मिळतं. मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं, आणि घरातल्या उरलेल्या आमटी-रश्श्यात ते असतंच, म्हणून फोडणीचं काही मी घेत नाही. शिजवलेली हाडं काढून टाका. ती फुटून टोकदार होतात आणि घशात-आतड्यात रुततात. चिकन नसेल त्या दिवशी ज्वारीची भाकरी कुस्करून अंड्यात किंवा मीठ न घातलेल्या पातळ ताकात भिजवते. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे चुकूनही नकोत. आपल्याकडं द्राक्षांच्या हंगामात घरोघरी क्रेट येतात आणि मऊ पडलेली द्राक्षं बाहेर टाकली जातात, ती कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

एवढं खाणं कुत्र्याची दिवसाची बहुतेक गरज भागवतं. जास्त घालू नका. वीस मिनिटांनी वाडग्यात उरत असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा. उरलेलंच बाहेरची कुत्री, डुकरं आणि उंदीर बोलावतं.

प्रत्येक कुत्र्याला वेगळं वाडगं, दोन वाडग्यांत सहा-सात फूट अंतर. आधी सगळ्यात दांडग्याला, मग बाकीच्यांना. दांडग्याला मागं ठेवलं तर तो पहिल्याच्या वाडग्यावर जातो. आमच्यात काळी पुढारी. तिला पट्टीच्या एका टोकाला, लंगड्याला दुसऱ्या टोकाला टाकीच्या आडोशाला, म्हणजे एकमेकांचं वाडगं दिसत नाही. जमिनीवर, कागदावर, प्लास्टिकवर घालायचं नाही. संपलं की वाडगी उचलायची, बादलीभर पाणी ओतून खराटा मारायचा. मी जाते तेव्हा तिथं ओल्या कोब्याशिवाय काही दिसता कामा नये, हा माझा नियम आहे.

पाण्याची सिमेंटची कुंडी मात्र कायम ठेवावी, तीही खाण्याच्या जागेजवळच. पाणी रोज बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी आतून काथ्यानं घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती कुंडीच्या आतल्या कडेला चिकटतात, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. नुसतं पाणी ओतून टाकल्यानं अंडी जात नाहीत. ही कुंडी घाण दिसली की शेजाऱ्यांची तक्रार योग्यच असते.

नसबंदी आणि लस, ज्याशिवाय हे टिकत नाही

चांगलं खायला मिळालेली मादी जास्त पिल्लं वाढवते. म्हणजे नसबंदीशिवाय खायला घालणं हे दर वर्षी कुत्री वाढवणं आहे, आणि याबाबतीत तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. रोज खायला घालणाऱ्याच्या हाती एक गोष्ट असते जी दुसऱ्या कुणाच्या हाती नसते: कुत्रं त्याच्याजवळ येतं. महापालिकेची गाडी आली की अनोळखी माणसांना बघून कुत्री पसार होतात. तुम्ही उभे असाल तर पकडणं दहा मिनिटांचं काम असतं.

सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडं लेखी अर्ज द्या. त्यात कुत्र्यांची संख्या, नर-मादी, वर्णन आणि ठिकाण लिहा, सोसायटीचं पत्र जोडा आणि पोच घ्या. गाडीची तारीख ठरली की आदल्या रात्रीनंतर खायला घालू नका, कारण भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि पिल्लं अंगावर पिणारी मादी पाठवू नका, पिल्लं सुटी होईपर्यंत थांबा. प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढून ठेवा आणि परत सोडताना तेच कुत्रं त्याच जागी सोडलं का ते स्वतः बघा. दुसऱ्या हद्दीत सोडलेलं कुत्रं मार खातं किंवा घाबरून चावतं, आणि रिकाम्या झालेल्या तुमच्या कॉलनीत नवीन कुत्री शिरतात. परत आल्यावर दोन-तीन दिवस टाके बघा. सूज, पू किंवा खाणं सोडलेलं दिसलं तर लगेच कळवा.

आमच्या पाचांची नसबंदी एका वेळी झाली नाही. काळी आणि राणी आधी, नर सात महिन्यांनी. त्याआधी राणीच्या वेळी मी अर्ज देऊन थांबून राहिले, पाठपुरावा केला नाही, आणि ती गाभण राहिली. चार पिल्लं झाली, दोन गाडीखाली गेली. त्यानंतर मी दर सोमवारी फोन करायची सवय लावून घेतली.

रेबीजची लस दर वर्षी. नसबंदीच्या वेळी एकदा देतात, पण पुढच्या वर्षीची तुमची जबाबदारी. वहीत तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एखाद्या भागातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. पाच कुत्र्यांच्या कॉलनीत याचा अर्थ एवढाच की एकही सोडू नका. आणि रोज कुत्र्यांना हात लावणाऱ्यानं स्वतः डॉक्टरांना विचारून चावण्याआधीची लसही घेऊन ठेवावी. मी घेतली आहे.

काही बिघडतंय हे कसं ओळखावं

बाहेरचं नवं कुत्रं सलग तीन दिवस दिसलं तर आधी वाडग्यांत उरतंय का बघा, बहुतेक वेळा तिथंच उत्तर असतं. कुत्री गाड्यांमागं धावायला लागली तर ती कुठून उठतात ते बघा. आमच्याकडं भुऱ्या दीड वर्षाचा असताना वळणावर मोटारसायकलींच्या मागं लागायचा. तो झोपायचा तिथल्या एका घरासमोर, आणि त्या घरातून रात्री त्याला भात मिळत होता. भात टाकीमागं आला, त्याची नसबंदी झाली आणि दोन-अडीच महिन्यांत धावणं थांबलं. पूर्ण थांबायला वेळ लागतो, त्यामुळं दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका.

पावसाळ्यानंतर मादीमागं बाहेरचे नर गोळा होतात. त्या दिवसांत भांडणं आणि भुंकणं वाढणारच, तेव्हा खाणं आणखी लवकर उरकून वाडगी उचला. थंडीत पिल्लं झाली तर पहिले तीन-चार आठवडे आई जवळ येणाऱ्यावर धावून जाते. तिला तिच्या जागी वेगळं घाला, आणि मुलांना तिकडं न जाण्याची ताकीद द्यायला कॉलनीच्या ग्रुपवर सरळ लिहा. पिल्लं आहेत हे लपवलं तर पहिलं मूल चावल्यावर सगळा दोष तिच्यावर येतो.

एखादं कुत्रं अचानक वेगळं वागायला लागलं, म्हणजे लाळ गळते, आवाज घोगरा झाला, पाणी गिळता येत नाही, तोल जातो, कारण नसताना काहीही चावतं किंवा एकदम मलूल होऊन अंधारात बसतं, तर जवळ जाऊ नका, स्वतःच्या ओळखीच्या कुत्र्याच्याही नाही. लोकांना दूर ठेवा आणि महापालिकेला व पशुवैद्यांना लगेच कळवा.

कुणाला चावलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटंही पंधरा वाटतात. वर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जायचं. लस तिथं मिळते. शासकीय दवाखान्यात कातडीतून दिली जाणारी लस साधारण पहिल्या दिवशी आणि नंतर 3, 7 व 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते दिलं का हे विचारून घ्या.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. इथं खायला घालणाऱ्याचा खरेपणा लागतो. कुठलं कुत्रं होतं, लस कधी झाली, हे वही उघडून दाखवा. एकदा राणीनं झाडणाऱ्या मावशींच्या मुलाला दात लावला. तो पिल्लाला उचलायला गेला होता. मी त्याला स्वतः गाडीवरून घेऊन गेले, चारही वेळा, आणि रोज राणीचा फोटो मावशींना पाठवला. मावशी आजही टाकीमागची पट्टी झाडतात.

कायदा थोडक्यात

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या कुत्र्यांना खायला घालायची सोय सोसायटीनं किंवा तिथल्या संघटनेनं करायची असं सांगितलं आहे. जागा मुलांच्या खेळापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि जिन्यापासून दूर असावी, वेळ मुलं आणि ज्येष्ठांची ये-जा बघून ठरवावी, आणि घालणाऱ्यानं घाण करू नये. सोसायटी आणि घालणारा यांचं जमलं नाही तर त्याच नियमांत समितीची तरतूद आहे, त्यात पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि दोन्ही बाजूंचे लोक असतात. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावर कुठंही खायला घालायला मनाई केली आणि महापालिकांनी प्रभागवार जागा ठरवून द्याव्यात असं सांगितलं. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हलवायला सांगितलं आहे, म्हणून अशा आवाराला लागून खायला घालू नका. त्यानंतरही हे प्रकरण न्यायालयात चालू राहिलं, तेव्हा जागा ठरवायच्या आधी महापालिकेत जाऊन तुमच्या प्रभागातली ठरलेली जागा विचारा आणि सोसायटीच्या ठरावाची प्रत तिथं द्या.

कुणी विष घालायची भाषा केली तर तिथंच भांडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे जनावराला विष घालणं, मारणं किंवा अपंग करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तारीख लिहून ठेवा, अध्यक्षांना लेखी कळवा, खरंच काही घडलं तर पोलिसांत तक्रार द्या. आमच्याकडं असं बोललेल्या माणसाशी मी दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलले तेव्हा कळलं की रात्रभर भुंकण्यानं त्याच्या आजारी आईला झोप नव्हती. खाण्याची वेळ अर्ध्या तासानं अलीकडं घेतली, त्यांच्या खिडकीखाली झोपणाऱ्या ठिपक्याचं पोतं टाकीमागं नेलं.

गावाला जाताना

हे शेवटी लिहिते, कारण सगळ्यात जास्त घडी इथंच मोडते. चार दिवस खाणं बंद झालं की कुत्री परत गेटवर येऊन बसतात. म्हणून कमीत कमी दोन बदली माणसं तयार ठेवा, आणि आधी आठवडाभर त्यांना बरोबर न्या, म्हणजे कुत्री त्यांना ओळखतील आणि त्यांना काळीला आधी वाढायचं, लंगड्याला आडोशाला, हे कळेल. मी जाताना पळी, वाडगी, खराटा आणि वही एका बादलीत घालून वॉचमन मामांच्या केबिनमध्ये ठेवते. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर, महापालिकेचा नंबर आणि पाच कुत्र्यांच्या लशीच्या तारखा आहेत. गेल्या दिवाळीत मी सहा दिवस साताऱ्याला होते, तेव्हा ती बादली काकींचा नातू घेऊन जात होता. आता तो नववीत आहे.